तीन वर्षांत फिटणारं गुऱ्हाळ

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवार होता, सकाळपासून धार धरली होती आणि बहिणीचा मुलगा भिजतच दारात आला. चहा हातात पडायच्या आधी त्यानं खिशातून मोबाईल काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि माझ्यासमोर धरला. "मामा, हे बगा. पीई ३.८." धातूच्या धंद्यातली एक कंपनी होती. नाव लिहीत नाही, कारण मुद्दा तिचा नाही. वर्षभरात नफा चौपट झाला होता, कर्ज बरंचसं फिटलं होतं, आणि शेअरचा भाव शेअरमागच्या वर्षाच्या कमाईच्या चौपटही नव्हता. पीई म्हणजे हीच पट. "तुम्हीच सांगता न्हवं, कमाईच्या मानानं स्वस्त असंल ते घे म्हणून? हे तर चार वर्षांत फुकट पडतंय." मी म्हटलं, "जपून." तो म्हणाला, "का?" मी म्हटलं, "हा धंदा वरखाली होणारा असतो." तो म्हणाला, "मामा, धंदे सगळेच वरखाली होत्यात की." तेवढ्यात बहिणीचा फोन आला, विषय निघून गेला, तो जेवला आणि पाऊस उघडल्यावर निघून गेला.

पण त्याचा तो 'का' माझ्याकडंच राहिला. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत माझी पंचवीस वर्षं गेली, त्यातली निम्मी खरेदीच्या टेबलावर. लोखंडाचा भाव चढतो कसा आणि उतरतो कसा हे मला रोज दिसतं. तरी त्या पोराला मी धड उत्तर देऊ शकलो नाही. रात्री पडल्या पडल्या उत्तर शोधत होतो, आणि आठवलं ते आमचं गुऱ्हाळ.

मी आठवीत असताना आबांनी गुऱ्हाळ विकत घेतलं. भोगावतीच्या काठाला आमची थोडी जमीन, ऊस दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर गाळायचा आणि भाडं द्यायचं, असं वर्षानुवर्षं चाललेलं. त्या हंगामात गुळाला भाव असा फुटला होता की शाहूपुरीतल्या सौद्याहून आलेला माणूस घरी न जाता आधी चावडीवर थांबून भाव सांगायचा. शेजारच्या मळ्यातल्या म्हाताऱ्यानं वीस वर्षं चालवलेलं गुऱ्हाळ विकायला काढलं. चरक, इंजिन, काहील, चुलाण, वर पत्र्याची शेड. नव्वद हजार मागितले. त्या वर्षी त्याला त्यात तीस हजार सुटले होते, आणि ते खोटं नव्हतं. अडत्याच्या पट्ट्या त्यानं आबांसमोर ठेवल्या होत्या. आबा घरी येऊन आईला म्हणाले, "तीन वर्षांत फिटतंय. चौथ्या वर्षापासनं सगळं आपलं." आई भाकरी थापत होती. हात न थांबवता तिनं एवढंच विचारलं, "वीस वरसं धंदा केलेला माणूस तीन वरसांच्या कमाईत का सोडतोय?"

आबांनी उत्तर दिलं नाही. सोसायटीचं कर्ज काढलं, आईच्या पाटल्या ठेवल्या आणि दसऱ्याला गुऱ्हाळ आमचं झालं.

त्या पहिल्या हंगामाचा वास अजून माझ्या नाकात आहे. चुलाणात चिपाडाचा जाळ, वर काहिलीत उकळणारा रस, गुळव्या रानभेंडीचं पाणी सोडायचा आणि काळी मळी फेसाबरोबर वर यायची ती झाऱ्यानं काढायचा. रस घट्ट होत आला की त्याचा आवाज बदलतो. पाण्यासारखा खळखळणारा रस जड होतो, थपथप वाजायला लागतो. गुळव्या बोटभर पाक पाण्यात टाकून गोळी वळून बघायचा आणि मान हलवायचा. मग काहील उतरवायची, वाफ्यात ओतायची, घोटायची. गूळ सोन्यासारखा पिवळा निघाला. आणि भाव निम्म्यावर आला होता.

का आला, हे कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली, पण गावात सगळ्यांना ते तेव्हाच दिसत होतं. गुळाला भाव आल्यावर आमच्यासारख्या दहा जणांनी गुऱ्हाळं घेतली होती किंवा बंद पडलेली पुन्हा पेटवली होती. कारखान्याला जाणारा ऊस गुऱ्हाळाकडं वळला होता. ज्यांनी चढ्या भावाकडं बघून लागणी केल्या होत्या, त्यांचा ऊस वर्ष-दीड वर्षानं म्हणजे नेमका एकाच वेळी तोडीला आला होता. म्हातारा वाईट नव्हता. आजूबाजूला किती चुलाणं नवी लिंपली जातायत हे त्यानं मोजलं होतं, एवढंच. आबांच्या हिशोबात तीस हजार हा आकडा दरवर्षीचा होता. म्हाताऱ्याच्या हिशोबात तो वीस वर्षांतला एकदाचा होता.

आईनं नंतर म्हाताऱ्याच्या सुनेकडून मागच्या पाच हंगामांचे आकडे काढले. सहा हजार, नऊ हजार, चार हजार तोटा, बारा हजार, आणि शेवटचे तीस. पाचांची बेरीज त्रेपन्न, वर्षाला सरासरी साडेदहाच्या आसपास. नव्वद भागिले साडेदहा, म्हणजे साडेआठ वर्षं. आणि त्या सरासरीतसुद्धा निम्म्याहून जास्त वजन त्या एका तीस हजारांचं. ते वर्ष काढून टाकलं तर उरलेल्या चार वर्षांची सरासरी सहा हजारसुद्धा भरत नाही, आणि नव्वद हजार फिटायला पंधरा वर्षं उलटतात. गुऱ्हाळ तेच, किंमत तीच. तीन वर्षं, साडेआठ वर्षं, पंधरा वर्षं, हे सगळे आकडे खरे. फरक फक्त भागाकाराखाली कुठलं वर्ष ठेवलं याचा.

भाच्याच्या मोबाईलवरच्या ३.८ खाली सगळ्यात चांगलं वर्ष ठेवलेलं होतं. हे मी त्याला त्या रविवारी सांगायला हवं होतं.

आमच्या इथले साखर कारखाने बहुतेक सहकारी, त्यामुळं त्यांचे शेअर बाजारात हिंदकळताना आपल्याला दिसत नाहीत. पण हा खेळ मी खरेदीच्या टेबलावरून फार जवळून बघितला तो २०१७-१८ साली, आणि तोही एका काळ्या पोत्यामुळं. आमच्या भट्टीत स्क्रॅप वितळवलं की लोखंडात कार्बन कमी पडतो. कास्टिंगला तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास लागतो. तो वाढवायला आम्ही कार्बरायझर टाकतो, आणि त्यातला चांगला प्रकार म्हणजे ग्रॅफाइट इलेक्ट्रोडचा चुरा. पोलादाच्या आर्क भट्टीत माणसाच्या कमरेएवढे जाड ग्रॅफाइटचे खांब असतात, त्यांच्यातून वीज जाते आणि ठिणगीनं लोखंड वितळतं. ते खांब घडवताना पडणारे तुकडे पोत्यात भरून आमच्याकडं येतात. पोत्यात हात घातला की दाणे थंड आणि गुळगुळीत लागतात, आणि दोनदा साबण लावला तरी तळहातावरची चंदेरी काळी झाक जात नाही. त्या वर्षी या पोत्याचा भाव दर फोनला वेगळा यायला लागला. एका मंगळवारी सांगितलेला दर शुक्रवारी चालेना. मी व्यापाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "साहेब, इलेक्ट्रोडच मिळत नाहीत, तर चुरा कुठनं आणू?"

घडलं होतं ते असं. त्याआधीची पाच-सहा वर्षं इलेक्ट्रोडचा धंदा मरगळलेला होता आणि जगभरातले कितीतरी कारखाने बंद पडले होते. मग चीननं प्रदूषणावरून इलेक्ट्रोडचे कारखाने बंद करायला घेतले, आणि २०१७ च्या मध्यापर्यंत हलक्या पोलादाच्या इंडक्शन भट्ट्याही मोडीत काढल्या. त्यांच्या जागी आर्क भट्ट्या यायला लागल्या, त्यांना इलेक्ट्रोड हवेत. म्हणजे माल कमी आणि मागणी जास्त, दोन्ही एकाच वेळी. त्यात या वस्तूचा एक विचित्र गुण आहे. एक टन पोलादामागं इलेक्ट्रोड जळतो दोनेक किलो. टनाला तीन हजार डॉलर भाव असेल तर पोलादाच्या टनामागं त्याचा खर्च सहा डॉलर. भाव दहा हजार झाला तर वीस डॉलर. वीस डॉलर वाचवण्यासाठी कुणी भट्टी बंद ठेवत नाही. त्यामुळं विकणारा मागेल तो भाव मिळतो, आणि तो दहा हजारांच्याही पुढं गेला.

आपल्याकडं हे इलेक्ट्रोड बनवणाऱ्या मोजक्या कंपन्यांपैकी एक एचईजी, भोपाळजवळच्या मंडीदीपला तिचा कारखाना. २०१६-१७ साली ती तोट्यात होती. २०१७-१८ ला नफा हजार कोटींच्या वर, २०१८-१९ ला तीन हजार कोटींच्या वर. कारखाना तोच, यंत्रं तीच. ऑक्टोबर २०१८ मध्ये शेअर पाच हजारांच्या जवळ पोचला होता, तेव्हा मागच्या चार तिमाह्यांच्या कमाईवर पीई साताच्या आसपास होता. पुढं इलेक्ट्रोडचे भाव उतरायला लागले तसा शेअरही उतरला. पण वर्षाच्या पुस्तकात नफा अजून वाढतच होता, कारण चांगल्या तिमाह्या अजून हिशोबात होत्या. मार्च २०१९ अखेर शेअर २,१०० च्या आसपास आला, आणि त्या वर्षाची शेअरमागची कमाई साडेसातशेच्या वर. म्हणजे पीई तीनाच्याही खाली.

इथं मला दर वेळी थांबावंसं वाटतं. भाव निम्म्याहून खाली आला होता, तरी गुणोत्तर आधीपेक्षा जास्त स्वस्त दिसत होतं. पाच हजारांना महाग म्हणून न घेतलेला माणूस २,१०० ला पुढं येणार, हे अगदी स्वाभाविक आहे. पुढच्या वर्षी, २०१९-२० ला, नफा साठ कोटींच्याही आत आला. शेअरमागं पंधरा रुपयेसुद्धा नाहीत. ज्यानं तीन वर्षांत फिटेल म्हणून २,१०० दिले, त्याच्या हातात वर्षभरात दीडशे वर्षांत फिटणारी वस्तू आली. मार्च २०२० च्या पडझडीत भाव पाचशेच्याही खाली गेला. ती पडझड साथीची होती हे खरं, पण त्याआधीच शेअर शिखराच्या निम्म्याहून खूप खाली उतरलेला होता.

कंपनीनं यात काही लपवलं नव्हतं. उलट नोव्हेंबर २०१८ मध्ये तिनं ५,५०० रुपये भावानं ७५० कोटींचे स्वतःचे शेअर परत घेण्याचं जाहीर केलं होतं. धंद्याच्या आत बसलेल्यांनाही शिखर शिखरासारखं दिसत नाही, असं मला त्यातून वाटतं.

नफा इतका फुगला कसा आणि इतका बसला कसा, याचं अर्धं उत्तर कच्च्या मालात आहे. इलेक्ट्रोडला नीडल कोक नावाचा खास कार्बनी माल लागतो, तो जगात मोजकेच जण बनवतात, आणि त्याच वेळी तो बॅटऱ्यांच्या धंद्यालाही हवा होता. इलेक्ट्रोडचा भाव आधी चढला, कोकचा मागून. त्या मधल्या काळात स्वस्तात घेतलेल्या कोकचा माल महागात विकला जात होता. जो नफा दिसला त्यातला मोठा तुकडा या अंतराचा होता. उतरताना हेच अंतर उलटं फिरलं. गोदामात महागडा कोक पडून आणि समोर इलेक्ट्रोडचा पडता भाव. आमच्या गुऱ्हाळाचंही हेच झालं होतं. ऊस चढ्या दरानं ठरवलेला, गूळ पडत्या दरानं विकलेला.

आणि उरलेल्या उत्तरातला एक भाग मी स्वतः होतो. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण ते खरं आहे. पोत्याचा भाव रोज चढतोय म्हटल्यावर मी मालकांकडं जाऊन चार महिन्यांचा माल एकदम घेऊ दे म्हणून परवानगी काढली. एरवी आम्ही तीन आठवड्यांचा ठेवायचो. गोदामात जागा पुरेना म्हणून पॅटर्नच्या खोलीत पोती रचली. भट्टीला एक दाणाही जास्त लागत नव्हता, फक्त माझी भीती जास्त होती. व्यापाऱ्याच्या वहीत मात्र ती मागणी म्हणून लिहिली गेली. माझ्यासारखे शिरोलीत, गोकुळ शिरगावात कितीजण असतील, आणि जगभरच्या पोलाद कारखान्यांत इलेक्ट्रोडच्या बाबतीत हेच करणारे किती. २०१९ मध्ये भाव उतरायला लागले तेव्हा आम्ही सगळे खरेदी थांबवून गोदामातलं संपवत बसलो. म्हणजे वरच्या वर्षातली मागणी खऱ्यापेक्षा जास्त दिसली आणि खालच्या वर्षातली खऱ्यापेक्षा कमी. पोती संपायला मला आठ महिने लागले. रोज सकाळी त्या खोलीचं दार उघडताना पोटात कालवायचं.

म्हणून आता एखाद्या धातूच्या, सिमेंटच्या, कागदाच्या कंपनीचा पीई कुणी दाखवला की मी आधी एकूण नफा बाजूला ठेवतो आणि टनामागचा नफा काढतो. वर्षभराचा नफा भागिले विकलेले टन. मग तोच आकडा मागच्या दहा वर्षांचा काढून एका ओळीत मांडतो. नफा वाढला तो जास्त टन विकले म्हणून, की प्रत्येक टनामागं जास्त सुटले म्हणून, हे त्या ओळीत उघडं पडतं. टन तेवढेच आणि टनामागचा नफा नेहमीच्या चौपट असेल, तर ते आबांचं तीस हजारांचं वर्ष आहे. मग दहा वर्षांच्या सरासरी नफ्यावर आजचा भाव किती वर्षांत फिटतो ते बघायचं. आणि नवी चुलाणं मोजायची. त्या धंद्यातल्या इतर कंपन्यांनी वाढीव कारखाने किती जाहीर केलेत, ते कधी सुरू होणार, आयात किती वाढतेय. चढ्या भावाच्या वर्षात जाहीर झालेले कारखाने दोन-तीन वर्षांनी एकदमच माल ओततात, आडसाली उसासारखे.

यात चुकायला जागा आहे, हेही सांगायला हवं. सरासरी तेव्हाच खरी, जेव्हा धंदा पूर्वीसारखाच राहिलाय. निम्मे प्रतिस्पर्धी कायमचे बंद झाले असतील, तर जुनी वर्षं नव्या धंद्याला लावणं अन्याय आहे. अडचण अशी की शिखरावर प्रत्येक वेळी कुणीतरी सांगतच असतं की या वेळी धंदा कायमचा बदललाय, आणि कधीमधी ते खरंही असतं. शिवाय लवकर शहाणं होण्याचीही किंमत पडते. एचईजीत २०१८ च्या सुरुवातीला 'हे टिकणार नाही' म्हणून विकणाऱ्याचं म्हणणं बरोबर होतं, पण त्यानंतर नऊ-दहा महिन्यांत भाव जवळपास दुप्पट झालेला त्याला बघावा लागला. ते बघत बसणं सोपं नसतं.

पंधरा दिवसांनी मी भाच्याला शिरोलीला बोलावून घेतलं. खरेदीच्या टेबलावर चलनाच्या मागच्या कोऱ्या बाजूला आम्ही त्याच्या कंपनीचे दहा वर्षांचे आकडे मांडले. तो मोबाईलवरून वार्षिक अहवाल वाचत होता, मी लिहीत होतो. शेजारी आणखी एक रकाना मी मुद्दाम आखला, प्रत्येक वर्षाच्या पीईचा. ज्या वर्षी शेअर दहा वर्षांतल्या सगळ्यात कमी भावाला होता, तिथं आलो तेव्हा तो अडखळला. "मामा, या वर्षी पीई दाखवतच न्हाई. नुसती रेघ हाय." कंपनी तोट्यात होती, भागायला खाली काही नव्हतंच. मी म्हटलं, "तिथनं पुढच्या दोन वर्षांत भाव काय झाला बघ." त्यानं बघितलं. तिपटीच्या वर. मग तो पुन्हा पहिल्या ओळीवर गेला, ३.८ वर, आणि तिथून टनामागच्या नफ्यावर. यंदाचा आकडा दहा वर्षांच्या सरासरीच्या साडेतीनपट होता.

तो बराच वेळ बोलला नाही. बाहेर भट्टीतली हीट ओतायची वेळ झाली होती, घंटा वाजली, लाल उजेड काचेवर पडला. मग त्यानं मला सांगितलं की पहिल्या रविवारी माझ्याकडून गेल्यावर त्यानं थोडे शेअर घेतले होते. त्याच्या आवाजात अपराध होता आणि थोडी चीडही होती, मी त्याला पटवून देऊ शकलो नाही याची. मला तशीच चीड माझी येत होती. मी म्हटलं, "विक म्हणत नाही. आजोबांच्या गुऱ्हाळाचं माहीत आहे तुला?" त्याला माहीत नव्हतं. बहिणीनं कधी सांगितलं नव्हतं, पाटल्या परत आल्या नाहीत म्हणून असेल. मी सांगितलं, आईच्या प्रश्नासकट.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. शेअर त्यानं घेतल्यापासून अठरा टक्के वर होता. निम्मे विकले आणि निम्मे ठेवलेत म्हणाला, "बरोबर केलं का मामा?" मला खरंच माहीत नाही, आणि तसं मी त्याला सांगितलं. मग त्यानंच आपणहून सांगितलं की त्या धंद्यातल्या दोन कंपन्यांनी नवे कारखाने जाहीर केलेत, एक गुजरातेत आणि एक ओडिशात, आणि त्यानं ते चलनाच्या त्याच कागदावर खाली लिहून ठेवलंय.